शब्दाला शब्द

कोर्टाच्या भाषांतर विभागात दोनच टेबलं होती. एकावर साहेब, दुसऱ्यावर भाषांतरकार बाई. साहेबांचा नियम एकच: शब्दाला शब्द. अर्थ काढायला वकील आहेत, आपण कशाला नसती उठाठेव करायची? बाई मान डोलवायच्या आणि गुपचूप अर्थच लिहायच्या.

एका नवरा-बायकोचा तंटा आला. लहान मुलगी सध्या बापाकडे होती, आईला ती परत हवी होती. दोघांच्या इंग्रजी मेसेजांचा गठ्ठा साहेबांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला. खाली भाषांतर अचूक असल्याचा दाखला एकच, सही साहेबांची. असंच चालायचं.

नवऱ्याचे मेसेज बाईंकडे आले. एकात ‘बीट अप’ होतं आणि लगेच ‘गेट ओव्हर इट’. बाईंनी लिहिलं, ‘बडवलं ना तुला, झालं! आता सोड की तो विषय.’ संताप आला, पण बरंही वाटलं. हे वाचल्यावर मुलगी आईकडे गेलीच समजा.

तारखेला साहेब आणि बाई दोघंही कोर्टात हजर होते. नवऱ्याच्या वकिलाने मात्र साहेबांची पानं उघडली. बायकोने बहिणीला लिहिलेला मेसेज ठणकावून वाचला, “मी बाजारात त्याच्या अंगावर धावून गेले.”

बाईंनी मूळ कागद पाहिला. ‘रन इंटू’! साहेबांनी ‘रन’ घेतलं, ‘इंटू’ घेतलं, आणि सरळमार्गी बायकोला मारकुटी करून ठेवलं. बाई ताडकन उठून न्यायाधीशबाईंना म्हणाल्या,

“मॅडम, हे चुकलंय. गाडी खांबाला धडकली तरी रन इंटूच म्हणतात, पण इथे पुढचं वाक्य बघा. ‘त्याने मुलीचा फोटो दाखवला, मग आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर गेलो.’ म्हणजे बाजारात त्याची अचानक गाठ पडली, एवढंच.”

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वकील मात्र खूश.

“बघा मॅडम, यांचाच विभाग म्हणतो भाषांतर चुकीचं आहे. दाखला एक, सही एक. मग बाकीच्या पानांचा तरी काय भरवसा?”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. सगळं भाषांतर बाद. बाहेरून नवीन करून घ्या. तोवर मुलगी आहे तिथेच राहील.

सगळं म्हणजे बाईंची पानंही. ते बडवणंही.

“झालं समाधान?” साहेब जाता जाता पुटपुटले.

बाहेर बाकावर आई बसली होती. बाईंना पाहून तिने जागा करून दिली.

“ताई, तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर होतं गं.”

“मग मुलगी आज त्याच्याबरोबर का गेली?”

एवढा सोपा मराठीतला प्रश्न बाईंनी मनात शब्दाला शब्द लावून पाहिला.