हनुवटीचे सहा महिने

सत्यशीलाला बघायला आलेल्या मुलाकडच्या बायकांनी पोहे खाल्ले, शिक्षण विचारलं, तिला मुद्दाम पाण्याचा तांब्या आणायला लावून बाजूनं न्याहाळलं आणि चार दिवसांनी निरोप धाडला, "पोरगी गुणाची हाये, पण हनुवटीच न्हाई." जणू हनुवटी घरी विसरून आली होती! होती बिचारी, फक्त जरा आत बसलेली. बी.एस्सी., बी.एड. झालेली, जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सव्वीस वर्षांची पोरगी त्या दोन बोटांच्या जागेवर अडली.

यापूर्वीही तीन ठिकाणांहून नकार आले होते आणि तिनं ते गिळले होते. या वेळी गिळवेना, कारण या वेळचा मुलगा म्हणजे संपत. अंबडच्या शाळेतला पी.टी.चा शिक्षक. मागच्या मे महिन्यात, शहाण्णव साली, दोघांची एका शिबिरात ओळख झाली होती. बघण्याचा कार्यक्रम त्यानंच जमवून आणला होता. ती त्याच्यावर जीव टाकून बसली होती.

निरोपानंतरच्या शनिवारी, शाळा सुटताना, तो तिच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं वहीचं एक पान तिच्या हातात दिलं.

"सहा महिने करा, मॅडम. तवर आईला दुसऱ्या पोरी बघण्यापासून मी थांबवतो. फोटो दाखवला की ती बराबर हो म्हणंल. माझ्याकडं काडीसारखी पोरं येतात, वर्षात छाती भरती त्यांची. मंग जबडा का न्हाई भरायचा?"

पानावर सगळं नीट लिहिलेलं होतं. खालचा जबडा पुढं काढून दहा अंक मोजायचे, असं पन्नास वेळा. सकाळ-संध्याकाळ सुकं खोबरं दोन्ही बाजूंनी चावायचं. आणि दिवसभर ओठ मिटून, दाताला दात टेकवून, जीभ टाळूला सपाट दाबून ठेवायची.

सत्यशीलानं ते मनापासून केलं, पण ती पडली विज्ञानाची. मोजल्याशिवाय तिला चैन पडेना. जुन्या जालन्यात कारभारींचा फोटो स्टुडिओ होता. तिथं तिनं भिंतीवर खूण केली, स्टुलाचे पाय खडूनं आखले, कॅमेऱ्याचं अंतर दोरीनं ठरवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मान सरळ, तोंड सैल, बाजूनं एक फोटो आणि समोरून एक. कारभारी हसायचे. "मॅडम, इतकं तर पासपोर्टवाले बी करत न्हाईत."

वर्गात प्रश्न विचारला की जीभ टाळूला, उत्तर ऐकून झालं की जीभ खाली. कॅलेंडरवर रोज एक फुली. तिसऱ्या महिन्यात आई बेबीनंदा म्हणाली, "फरक पडून राह्यला गं." आरसाही तेच म्हणायला लागला. सत्यशीला इतकी खूश झाली, की एकटीच असताना गुणगुणायची.

पाचव्या महिन्यात कानाजवळ कट्कन वाजायला लागलं, भाकरी चावताना ठणक उठायची. तेव्हा ती दातांच्या डॉक्टर गिरिजाबाईंकडे गेली. बाईंनी सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं, दात तपासले आणि तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली.

"खोबरं आणि तो जबडा काढणं आजच बंद. मऊ खा, शेक द्या, बसेल हे," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगू?"

"सांगा."

"चावून चावायचा स्नायू वाढतो. तो इथं कानाखाली असतो. जबड्याचा कोपरा जरा रुंद दिसेल. हनुवटी हाडाची आहे, आणि तुमचं हाड वाढायचं थांबून वर्षं झाली. वाढीच्या वयात दातांवर पट्ट्या लावून आम्ही थोडं काही करतो, तेही सगळ्यांना साधत नाही."

"आणि जीभ?"

"इंग्लंडात काही डॉक्टर त्याच्या बाजूचे आहेत. पण करणारे आणि न करणारे शेजारी ठेवून, मोजून, मोठ्या माणसाचा जबडा पुढं आल्याचं कुणी दाखवलेलं मी वाचलं नाही. होतच नाही असं छातीठोक म्हणणार नाही मी. होतं याला पुरावा नाही, एवढंच म्हणते." मग त्यांनी हात पुसले. "हाड कापून पुढं आणायचं ऑपरेशन असतं. पण तुमचे दात बरोबर बसतात, खाता येतं, बोलता येतं. तुम्हाला त्याची काही गरज नाही, बाई."

सत्यशीलानं खोबरं बंद केलं, जीभ मात्र सोडली नाही. आशा मेली चिवट असते.

सहा महिने भरले. शेवटचा फोटो धुऊन झाला तेव्हा तिनं कारभारींना बाजूच्या फोटोंची पहिली आणि शेवटची निगेटिव्ह मागितली. निगेटिव्हवरचे डाग झाकायच्या, रिटचिंगच्या काचेखाली दिवा लावून त्यांनी दोन्ही एकमेकींवर ठेवल्या. कपाळ जुळलं, नाक जुळलं, ओठ जुळले आणि हनुवटीही जुळली. दोन रेघांची एकच रेघ झाली. समोरच्या फोटोत तेवढा कानाखालचा भाग केसभर रुंद होता, आणि त्यानं हनुवटी उलट लहानच दिसत होती.

ती काचेवरून नजर हलवेना, तसे कारभारी गडबडले. "इकडं बसा. मान पुढं काढा, हनुवटी जरा खाली. हां, अस्संच!" त्यांनी दिवा वरून तिरका केला. चार दिवसांनी तो फोटो हातात आला. जबड्याची कशी सुरेख धार दिसत होती! मान ताणून धरली तोवर आणि त्या दिव्यापुरतीच, हे तिला कळत होतं. "हाच धाडा," कारभारी कळवळून म्हणाले. "लग्न झाल्यावर कोन इचारतंय?"

तिला तो धाडायचा होता. अगदी मनापासून धाडायचा होता. तीन दिवस तो तिच्या पर्समध्ये होता.

शेवटी अंबडच्या स्टँडवर, चहाच्या टपरीमागच्या बाकावर, तिनं संपतपुढं सगळंच मांडलं. दोन्ही निगेटिव्ह, कॅलेंडर, डॉक्टरांचं म्हणणं आणि तो सुरेख फोटो कसा काढला, तेही. त्यानं निगेटिव्ह उजेडाकडे धरल्यासुद्धा नाहीत. तो कॅलेंडर चाळत राहिला.

"इथं दोन दिवस फुली न्हाई."

"ताप होता मला."

"आन् शेवटच्या महिन्यात चावणं बी सोडलं तुम्ही."

"दुखत होतं, सर."

"व्यायामात दुखतंच की," तो म्हणाला. तो रागावला नव्हता. मॅच हरलेल्या पोराला समजवावं तसं समजावत होता. "व्यायामानं न्हाई झालं असं मी कधी पाह्यलं न्हाई. माणूसच कुठंतरी कमी पडतो. अजून सहा महिने करा. मी थांबतो ना."

आपण खोटा फोटो आणला असता तर आत्ता हा किती खूश झाला असता, असं तिला वाटलं.

"आन् तेव्हाबी हनुवटी एवढीच राह्यली तर?" तिनं विचारलं.

संपतनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत नव्हे. तो बाकावर जरासा मागं सरला आणि त्यानं तिला बाजूनं न्याहाळलं. शिबिरात, फाटकाशी, एवढ्या महिन्यांत त्यानं तिच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं.

"तर मंग... आईला काय सांगू मी?"

"आईला सांगा, पोरीनंच न्हाई म्हटलं," ती म्हणाली आणि कागद गोळा करून उठली.

जालन्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. तिचे भरलेले डोळे बघून शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कोणी गेलं का गं बाई. सत्यशीला हो म्हणाली आणि पदर तोंडाला लावून, आजूबाजूच्या कुणाचीही पर्वा न करता, मोठमोठ्यानं रडली.