वजा सहा

“वही ठेवावी तर पद्मजासारखी. एकेक पायरी धुऊन वाळत घातल्यासारखी.”

श्रीधर सर भर वर्गात हे बोलले त्याला पाच वर्षं झाली. पद्मजानं तो आवाज अत्तराच्या फायासारखा जपला होता. आता गणितातल्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तेच सर वर्गातल्या शकूची वही चाळत आणि “वा” म्हणत. नुसतं “वा”. पण सरांचा एक “वा” म्हणजे इतरांचं पानभर कौतुक, हे पद्मजाइतकं कुणाला ठाऊक?

शकू मांजरी गावची, उसाच्या रानातली. सायकलवरून यायची, वेणीत पाचटाची काडी अडकलेली असायची. आणि मांजरीच्याच साखर संस्थेत यीस्टच्या वाढीचं गणित मांडायला एक जागा निघाली होती. एकच. तिथले जयसिंगराव गुरुवारी येऊन दोघींना पारखणार होते. समीकरण शकूनं सोडवायचं, मग मोजणीचे आकडे पद्मजानं त्यात बसवायचे, असं सरांनी ठरवून टाकलं. म्हणजे स्वयंपाक तिचा आणि वाढपी मी, पद्मजाच्या मनात आलं.

बुधवारी शकूनं वही पुढं केली. “पद्मजाताई, एवढी नजर टाका की. तुमच्या नजरंतनं काय सुटत न्हाई.”

पद्मजानं वाचलं. सगळं नेटकं, आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. लॉग घेताना शकूनं केवल मूल्याच्या, म्हणजे चिन्ह सोडून नुसता आकडा घ्यायला लावणाऱ्या, उभ्या रेघा काढल्या नव्हत्या. वर लिहिलं होतं, ‘B = eᶜ, म्हणून B नेहमी धन.’

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“छान आहे,” तिनं वही मिटली. “अक्षर जरा सुधार.”

गुरुवारी शकू फळ्यापाशी उभी राहिली. आधी थोडी घाबरली, मग म्हणाली, “आमची आय जात्यावर म्हणती,

मूठभर पेरलं गं, रानभर झालं,
रान भरल्यावरी बाई, वाढणं थांबलं.

हे समीकरण तेच सांगतंय.” जयसिंगराव हसले. सर तर खुललेच. पद्मजाला ते हसू टोचलं.

शकूनं लिहिलं: dP/dt = rP(1 − P/K). P म्हणजे आत्ताचं यीस्ट, K म्हणजे फ्लास्कला पेलेल तेवढं, r वाढीचा वेग, t वेळ. मग P सगळे एकीकडं, t दुसरीकडं: K dP / P(K − P) = r dt. “हा डावीकडचा अपूर्णांक एकगठ्ठा न्हाई पचत, म्हणून त्याची दोन कांडं करायची,” असं म्हणत तिनं ती केली: 1/P + 1/(K − P). इंटिग्रेशन झालं: ln P − ln(K − P) = rt + C. त्यातून, B = eᶜ धरून, P/(K − P) = Beʳᵗ. शेजारी वहीतलंच लिहिलं, ‘B नेहमी धन.’ शेवटी P एकटा सोडवून घेतला:

P = KBeʳᵗ / (1 + Beʳᵗ).

“वा,” सर म्हणाले.

जयसिंगरावांनी चष्मा पुसला. “फ्लास्कला पेलतात यीस्टच्या पाचशे लाख पेशी. माझ्या माणसानं चुकून सहाशे लाख टाकल्या. आता?”

शकूनं सुरुवातीच्या आकड्यांवरून B काढला. पाचशे वजा सहाशे म्हणजे वजा शंभर, त्यानं सहाशेला भागलं. वजा सहा आला. तिनं वरच्या आपल्याच ओळीकडं पाहिलं. ‘नेहमी धन.’ खडू तसाच अधांतरी राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“पद्मजा?” सर वळले.

याच हाकेची ती वर्षभर वाट बघत होती. ती उठली, फळ्यावर K − P च्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा काढल्या. “P हा K पेक्षा जास्त असेल तर K − P ऋण होतं. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, म्हणून केवल मूल्य घ्यायचं. त्या रेघा काढून टाकताना जे चिन्ह सुटतं, ते B मध्ये शिरतं. B ऋण चालतो. सूत्र तेच राहतं.” वजा सहा घालून दाखवलं: t शून्य असताना 500 × (−6) भागिले (−5), सहाशे. “मग हळूहळू पाचशेकडं उतरतं.”

“वा,” सर म्हणाले.

अगदी तोच “वा”. पण पद्मजाच्या कानात तो शिळ्या भाकरीसारखा कोरडा वाजला. शकू फडक्यानं हात पुसत तिच्याकडं कौतुकानं बघत होती. जराही राग नव्हता त्या डोळ्यांत, तेच सोसवेना.

“चांगलं सुचलं तुम्हाला, आणि तेही उभ्या उभ्या,” जयसिंगराव म्हणाले आणि कागदावर काही लिहायला लागले.

“उभ्या उभ्या नाही,” पद्मजा म्हणाली. त्यांचं पेन थांबलं. “काल हिनं मला वही दाखवली होती. चूक तेव्हाच दिसली. मी मुद्दाम सांगितली नाही.”