साठाव्या दिवसाचं निम्मं

फ्रिजच्या कंपनीत तक्रार विभागाची प्रमुख म्हणून मुलाखत होती, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "पहिल्या नव्वद दिवसांत काय कराल? लिहून आणा." मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. पहिले तीस दिवस फक्त ऐकायचं, ग्राहकांचं आणि आपल्या माणसांचं. साठपर्यंत अडकलेल्या तक्रारी निम्म्यावर आणायच्या. नव्वदपर्यंत तक्रारी मुळात येतातच का, ते शोधून बंद करायचं. निम्म्या! कंपनीचा एक फ्रिज पाहिला नव्हता मी आणि निघाले निम्म्या करायला. पण घरात नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. नोकरी हवी होती, झालं.

पहिला महिना खरंच ऐकलं. पोपटाशेजारी बसून. पोपट म्हणजे आमचा सगळ्यात जुना फोन घेणारा, एका दमात सगळं बोलून टाकतो. तिसऱ्याच दिवशी मी विचारलं, "अरे, या माणसाची तक्रार कालच सुटली ना? मग आज परत कसा?"

"मॅडम, मेकॅनिकला काम दिलं की तक्रार सुटली. तो जातो की नाही, ते देवाला ठाऊक."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे आकडा छान आणि फ्रिज बंद! मी नियम बदलला: ग्राहक 'झालं' म्हणेल तेव्हाच तक्रार बंद. अडकलेल्या तक्रारी दुप्पट झाल्या. होणारच होत्या, आत्ता कुठे त्या दिसायला लागल्या होत्या.

इथेच माती खाल्ली मी. तिसाव्या दिवशी साहेबांसमोर बसले होते. तेव्हाच सांगायचं, की साहेब, तो कागद अंदाजानं लिहिला होता, आता खरं कळलंय, साठाचं उद्दिष्ट दोघं मिळून नव्यानं ठरवू. त्या बैठका असतात कशासाठी? पण मी म्हटलं, "सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय." भीती वाटली हो. आल्या आल्या रडगाणं कोण गाणार?

साठाव्या दिवशी साहेबांनी तोच कागद पुढे सरकवला. 'निम्म्या'खाली लाल रेघ.

"हे काय आहे?"

सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, तेच जास्त वाईट वाटलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण तीस दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर मी वर बोललो असतो. मी निम्म्याचा शब्द देऊन बसलोय. जुना नियम लावा, संध्याकाळपर्यंत. नाहीतर कायम करण्याचं विसरा."

इकडे आड, तिकडे विहीर. जागेवर आले तर नवऱ्याचा फोन. "काय म्हणाले गं? कायम करताहेत ना?" आवाजात इतकी आशा होती की मला रागच आला त्याचा.

"करतील," म्हटलं आणि फोन ठेवला.

पोपटाला सांगितलं, "जुना नियम लाव."

पोपट गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यानं बटण दाबलं. जवळपास प्रत्येक तक्रारीचं काम मेकॅनिकला दिलेलं होतंच, त्यामुळे भिंतीवरच्या पडद्यावर आकडा घसरला, निम्म्याच्याही खाली. साहेबांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. मी पडद्याकडे पाठ केली.

मग फोन वाजायला लागले. तक्रार बंद झाली की ग्राहकाला आपोआप निरोप जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक फोन पोपटानं माझ्याकडे दिला. मास्तर होते, निवृत्त शिक्षक. बायकोचं इन्शुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून दिवस काढत होते. मीच त्यांना सांगितलं होतं, तुम्ही 'झालं' म्हणाल तेव्हाच तुमची तक्रार बंद होईल.

"बाई, शब्द पाळलात हो!" मास्तर म्हणाले. "तक्रार सुटल्याचा निरोप आला. मेकॅनिक तर कुणी आला नाही, कंपनीतूनच दुरुस्त करता वाटतं आता. दिवाही लागलाय आतला. हिचं औषध आणलंय शेजारून, ठेवतोच आत."

आतला दिवा आधीपासूनच लागत होता. गार होत नव्हतं, तीच तर तक्रार होती.

पुढ्यातल्या यंत्रावर लाल ठिपका चमकत होता. प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो आणि माझे साहेब स्वतः ऐकतात. काचेपलीकडे ते कुणाशी तरी हसून बोलत होते, बहुधा वरच्यांशी, बहुधा निम्म्याबद्दल. नवऱ्याचा आवाज अजून कानात होता. करताहेत ना?

"मास्तर, औषध आत ठेवू नका," मी म्हटलं. "शेजारी परत द्या, आत्ताच्या आत्ता."

"का हो? झालंय ना?"

"नाही झालं. कुणी दुरुस्त केलेलं नाही. तुमची तक्रार खोटी बंद केलीय." मी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. "मी केलीय."

मास्तरांनी हळूच विचारलं, "का?"