फळ्यावरची अठरा कार्डं

माझी बायको मला शंकासुर म्हणते. दूधवाला हसला तरी मला दुधात पाणी दिसतं, असं तिचं म्हणणं. म्हणो बापडी. पण त्या आठवड्यात माझा संशय अगदी रास्त होता.

आम्ही पाच जण. दवाखान्यांत पेशंटला वेळ देण्याचं सॉफ्टवेअर बनवतो. तिघं प्रोग्रामर, आमच्या कामातल्या चुका टेस्ट सर्व्हरवर शोधणारी एक टेस्टर बाई आणि आमचा कप्तान. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर चार रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. ‘चालू’च्या डोक्यावर लाल शाईत तीन, ‘तपासणी’च्या डोक्यावर दोन. त्याहून जास्त कार्डं त्या रकान्यात ठेवायची नाहीत. कार्ड एका जागी जितके दिवस राहील, तितके ठिपके त्यावर पडतात.

सोमवारी सकाळी कप्तानानं सांगितलं, “वरून निरोप आलाय. शुक्रवारी आपल्यातला एक जण कमी होणार.”

आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी तुंबली. बाईंची दोन्ही कार्डं मोठी, लवकर हलेनात. आमची तिन्ही कामं तयार, पण पुढे जागाच नाही. ती ‘चालू’मध्येच अडकली, म्हणून नवीन काम घेता येईना. अशा वेळी पुढच्या रकान्यातल्या कामाला हातभार लावायचा, असा फळ्याचा नियम. बाकीचे दोघं बाईंच्या शेजारी जाऊन बसले. मी नाही गेलो. वीस वर्षं प्रोग्रामिंग करून मी दुसऱ्याच्या चुका तपासत बसू?

मला तर डाव स्वच्छ दिसत होता. बाईंनी कार्डं अडवायची, आम्ही रिकामटेकडे दिसायचं आणि शुक्रवारी माझा बळी. वयानं मीच मोठा, पगारानंही. बाई दबक्या आवाजात कप्तानाशी बोलायच्या आणि मी पाणी प्यायला उठलो की गप्प व्हायच्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सोमवारी निरोप ऐकल्या ऐकल्या मी फळ्याचा फोटो काढला, आणि मग रोज सकाळी. पुरावा हवा ना.

मंगळवारी बाईंनी सगळ्यांना विचारलं, “कार्ड नसलेलं काही कुणी टेस्ट सर्व्हरवर चढवलंय का? काल आणि आज दुपारी पेशंटच्या वेळा एका तासानं सरकल्या.”

हा सापळा आहे, हे मी लगेच ओळखलं. “नाही,” मी म्हणालो.

शुक्रवारी सगळे फळ्यापाशी उभे होतो. कप्तानाच्या हातात घडी घातलेला कागद होता. बाईंचे डोळे सुजलेले दिसत होते. मी फोन पुढे केला.

“आधी हे बघा. पाच दिवसांचे फोटो. यांच्या कार्डांवर ठिपके वाढतायत, बाकी सगळं जिथल्या तिथं. काम कुणी अडवलंय ते मी सांगायला नको.”

कप्तान एकेक फोटो बोटानं मोठा करून बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

“सोमवारी सकाळी फळ्यावर वीस कार्डं होती,” तो म्हणाला. “बुधवारी अठरा. ‘झालं’मध्ये एकही वाढलेलं नाही. ‘करायचं’मधली दोन गेली कुठं?”

माझी नजर माझ्या खणाकडे गेली.

ती दोन माझ्या खणात होती. रिकामा दिसायला नको म्हणून एक सोमवारी दुपारी काढलं होतं, एक मंगळवारी. पेशंटला आठवणीचा मेसेज पाठवायचं काम. गुपचूप करून शुक्रवारी सगळ्यांचे डोळे दिपवायचे होते. अर्धवट काम चालतंय का, ते बघायला रोज जेवणानंतर टेस्ट सर्व्हरवर चढवत होतो. वेळेचा हिशोब त्यातच होता, आणि तोच चुकून सगळ्या वेळा तासानं सरकवत होता.

मी खण उघडला. दोन्ही कार्डं कोरी करकरीत. एकावरही ठिपका नाही.

“मंगळवारी मी विचारलं होतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “चार दिवस मला वाटतंय, माझीच नजर गेली. काल कप्तानांना सांगूनही टाकलं, की माझंच नाव लिहा.”

कप्तानानं कागद उघडला नाही. चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि कोरा कागद घेतला. मला लाज वाटली, अगदी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी. तरी मेलं मन विचारत होतंच, आता हा काय लिहितोय?

बाईंनी मार्कर माझ्या हातात दिला.

“आधी ठिपके द्या,” त्या म्हणाल्या. “या आठवड्यात तुम्ही सगळ्यांवर संशय घेतलात ना? एकच माणूस राहिला होता.”

मी एका कार्डावर पाच ठिपके दिले, दुसऱ्यावर चार. मग कप्तानाला म्हणालो, “माझं नाव लिही.”

तो मान वर न करता म्हणाला, “तेच लिहितोय, काका.”