तनुजाचा बदलीचा मेल

मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर एका विमा कंपनीचं ऑफिस होतं आणि तनुजा तिथे मृत्युदाव्यांच्या विभागात होती. माणूस गेला की त्याच्या घरी फोन लावायचा, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे आणि कोणते कागद लागतील ते सांगायचं, हे तिचं काम. नवी होती तेव्हा फोन ठेवून ती जिन्यात जाऊन रडायची. आता रडू येत नसे. खरं तर काहीच येत नसे.

"प्रज्ञेश, मला या विभागातून बाहेर पडायचंय," एकदा चहाच्या टपरीवर ती म्हणाली. प्रज्ञेश तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला, आता नवीन पॉलिसी विभागात होता.

"अचानक?"

"वाघोलीचा मामा गेला ना. मी दारात पाय ठेवला आणि मामीला पहिलं विचारलं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती काढणार?"

प्रज्ञेशचा ग्लास हातातच राहिला. "मामी काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तुला ठावं हाय, तूच सांग बाई.' मग मी सांगितलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती."

तिने हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. प्रज्ञेशला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आमच्याकडे एक जागा निघालीय," तो म्हणाला. "मेल लिही."

तिने तिथेच मोबाइलवर लिहून दाखवला. कामाचा ताण असह्य झाला आहे, तरी बदली व्हावी.

"वा. हे वाचून तुमच्या मॅडम तुला चार दिवस सुट्टी देतील. आणि आमचे साहेब म्हणतील, तिथे रडणारी इथे येऊन काय हसणार आहे?"

"मी रडत नाही, हीच तर तक्रार आहे."

"तक्रार मला सांगून झाली. मेलमध्ये नको. तू आमच्या काय उपयोगाची, ते सांग."

"मला मेलेल्यांचे कागद तेवढे कळतात."

"त्या कागदांत चुकतं काय?"

"तुमची माणसं चुकतात! पॉलिसी काढताना नॉमिनी म्हणून बायकोचं सासरचं नाव लिहितात. तिचं आधार कार्ड, बँकेचं खातं सगळं माहेरच्या नावाने. मग नवरा गेल्यावर ती बाई, मीच ती, मीच ती, म्हणत खेटे घालते. फॉर्म भरतानाच तिचं आधार कार्ड बघायला काय होतं रे?"

ती बऱ्याच दिवसांनी एवढं बोलली होती.

"हे लिही," प्रज्ञेश म्हणाला. "आणि आधी मॅडमना तोंडी सांग. त्यांना दुसरीकडून कळलं, तर मेल कितीही गोड असो, उपयोग नाही."

बदली मागतेय एवढं मॅडमच्या कानावर घालून तनुजाने मेल पाठवला, ऑफिसच्या रीतीप्रमाणे इंग्रजीत. त्याचा मजकूर साधारण असा होता: 'दावे विभागात काम करताना दावे कशामुळे अडकतात, हे मला जवळून शिकता आलं. यातल्या बऱ्याच चुका पॉलिसी देतानाच टाळता येतील. म्हणून नवीन पॉलिसी विभागातल्या रिक्त जागेसाठी माझा विचार व्हावा, ही विनंती. माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला काम शिकवून आणि हातातले दावे नीट सोपवूनच मी जाईन. याबाबत आपण सांगाल तेव्हा भेटायला येईन.'

तिला तो मेल दुसऱ्याच कुणा उत्साही बाईने लिहिल्यासारखा वाटला.

दावे विभागाच्या प्रमुख राजनंदिनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"छान लिहिलंयस. इतकं सगळं शिकलीस, तर मग इथेच राहा की. नव्यांना शिकव."

मेलमध्ये या कामाचं कौतुक करून आपणच आपला पाय अडकवून घेतला, हे तनुजाला कळत होतं, पण धास्तीसुद्धा वाटत नव्हती. मग तिने मामीची हकिगत सांगितली, टपरीवर सांगितली होती तशीच.

मॅडमनी तिचा मेल पुन्हा उघडला.

"हे मेलमध्ये घातलं नाहीस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या फाइलमध्ये ते कायमचं राहिलं असतं. मी संमती कळवते. पुढे एचआर बघेल, आणि तिकडचे साहेब मुलाखत घेतील. पण बदली माणूस तयार झाल्याशिवाय सोडणार नाही हं."

"हो मॅडम."

"आनंद झालेला दिसत नाही."

"झाला असेल," तनुजा म्हणाली.

मुलाखत झाली, होकार आला. तिच्या जागी रतन नावाचा मुलगा आला. तिने त्याला शेजारी बसवलं, फोनवरचं आपलं बोलणं ऐकवलं आणि मग एक फोन त्याच्याकडे दिला. पलीकडे एक बाई होती, नवरा अपघातात गेलेला. रतन कागदांची नावं विसरला. फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"तनुजा मॅडम, रोज असंच होतं?"

"नाही. हळूहळू थांबतं."

"सवय झाली की बरं वाटतं ना मग?"

तनुजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो पुढच्या फोनचा नंबर शोधत होता.

"रडू यायचं थांबलं की त्याच आठवड्यात बदलीचा मेल लिही," ती म्हणाली. "माझ्यासारखा उशीर करू नकोस. मसुदा मी देते."