एकवीस दिवसांचा अपवाद

माझ्या अर्जावर साहेबांनी तीन वाक्यं लिहिली होती. "वर्षभर कामाचा भार नेहमीसारखाच होता. कर्मचाऱ्याने रजेचे नियोजन केले नाही. शिफारस नाही." खाली सही आणि तारीख, पंधरा डिसेंबर.

मी अर्ज दोनदा वाचला आणि रजेच्या टेबलाकडे गेले. त्या टेबलावरच्या बाईंना सगळे कॅलेंडरबाई म्हणतात, त्यांच्यासमोर आणि मागेही. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"अगं, हे काय? यंदा तुझी फक्त तीन दिवस रजा झालीय. छत्तीस शिल्लक आहेत. पंधरा पुढच्या वर्षात जातात. उरलेले एकवीस एकतीस तारखेला बुडतात."

"म्हणूनच अपवाद मागितलाय."

"अपवादाला दोन गोष्टी लागतात. साहेबांची शिफारस, आणि रजा मागितली होती पण कामासाठी नाकारली गेली याचा पुरावा. सिस्टीममध्ये तुझा एकही नाकारलेला अर्ज नाही."

"कारण मला टाकू दिला नाही."

मे, जुलै आणि ऑक्टोबर, असं तीन वेळा मी रजा मागितली होती. तिन्ही वेळा साहेब म्हणाले होते, "सिस्टीमला टाकू नकोस. नाकारलेली रजा दिसली की वरून विचारणा होते. डिसेंबरमध्ये बघू." मी टाकली नाही. चूक माझी होती, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

"तोंडी नकाराला माझ्याकडे रकाना नाही गं," कॅलेंडरबाई म्हणाल्या. "वीस तारखेपर्यंत पुनर्विचाराचा अर्ज देऊ शकतेस. पण हातात काहीतरी हवं."

आमची प्रयोगशाळा पिण्याचं पाणी तपासते. फेब्रुवारीत चारपैकी दोन जण नोकरी सोडून गेले. रासायनिक चाचण्यांसाठी मी एकटी उरले, जिवाणूंच्या चाचण्यांसाठी जंतू. जंतू हे माझ्या सहकाऱ्याचं नाव नाही, पण आता तो त्यालाच ओ देतो. रासायनिक अहवालावर सही करायचा अधिकार दोघांनाच होता, मला आणि साहेबांना. मी रजेवर गेले असते तर साहेबांना अकरा वर्षांनी ब्युरेट हातात धरावी लागली असती. वर्षभराच्या नकाराचं कारण एवढंच होतं. साहेबांना आम्ही पारा म्हणतो. थंडीतसुद्धा चढतो, आणि सांडला तर गोळा करता येत नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय गं, मिळाली का?"

"नाही."

"म्हणजे? अगं, आईच्या डाव्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख लागलीय. सोळा फेब्रुवारी. उजव्याच्या वेळी मी आणि वहिनीने निभावलं, डाव्याच्या वेळी तू, असं ठरलंय आपलं."

"मला माहीत आहे, दादा."

"तीन आठवडे कुणीतरी चोवीस तास हवं. वहिनीची रजा तर गेल्या खेपेलाच संपली. आणि तुझी आई बाई ठेवू देत नाही, ठाऊक आहे ना? मागच्या वेळी आलेल्या बाईला तिने पहिल्याच दिवशी भांडी घासायचं शिकवलं. ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही."

"त्रास द्यायला लागली की तुझी आई, एरवी आपली," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नाही.

पंधरा दिवस माझे होतेच; नव्या वर्षाची रजा जूनअखेर जमा होते. पण आई वॉकर सोडून काठीवर यायला एकवीस लागतात, हे उजव्या खुब्याने शिकवलं होतं. शिवाय वर्षभरात तिला दवाखान्यात नेण्यासाठी थोडे हवे होते. आणि खरं सांगायचं तर, त्या तीन वाक्यांनंतर मला ते दिवस आईसाठी जेवढे हवे होते तेवढेच पारासाठीही हवे होते. ते त्याच्याकडून काढून घ्यायचे होते.

सतरा तारखेला त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझी भाषा चांगली आहे. माझा एक अर्ज लिहून दे. माझेही सव्वीस दिवस बुडतायत. अपवाद मागायचा आहे."

मी वही उघडली.

"कारण काय लिहू, सर?"

"कारण? अगं, हे वर्ष कसं गेलं तू पाहिलंस ना? निम्मी माणसं, सप्टेंबरमध्ये मान्यतेची तपासणी, वर नवं यंत्र. जोरदार लिही. मी सगळं रोखून धरलं होतं असं वाटलं पाहिजे."

"आकडे घालू?"

"घाल, घाल. आकड्यांचा परिणाम होतो."

माझा अर्ज त्याच्या लक्षातच नव्हता. दोन दिवसांपूर्वी खरडलेला कागद होता तो, एका कर्मचाऱ्याचा. त्याला आठवावा असं त्यात काही नव्हतं.

मी नमुन्यांच्या रजिस्टरवरून तक्ता केला. गेल्या वर्षी महिन्याला सरासरी तीनशे दहा नमुने, यंदा चारशे नव्वद. कर्मचारी चार, यंदा दोन. तक्त्याखाली लिहिलं, "भार नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने विभागातील कुणालाही रजा देणे शक्य नव्हते. रासायनिक विश्लेषिकेने मे, जुलै व ऑक्टोबरमध्ये मागितलेली रजा मी स्वतः तोंडी नाकारली व प्रयोगशाळा अखंड चालू ठेवली."

त्याला वाचून दाखवताना त्या वाक्यापाशी मी थांबले नाही, पण घाईही केली नाही.

"हे छान आहे," पारा म्हणाला. "कठोर निर्णय घ्यावे लागले, ते दिसतंय." आणि सही केली.

माझ्या पुनर्विचाराच्या अर्जात एकच वाक्य होतं. माझ्या विभागप्रमुखांनी या महिन्यात विभागाच्या भाराविषयी सही करून दिलेले सर्व कागद एकत्र वाचावेत, ही विनंती. अर्ज घेताना कॅलेंडरबाईंनी आधी तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच सकाळी पाराचा अर्ज त्यांच्या ट्रेमध्ये पडला होता.

"बाई गं," त्या एवढंच म्हणाल्या आणि दोन्ही कागदांना एकच टाचणी लावली.

बावीस तारखेला मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांचं पत्र पाराला आलं. दोन दिवसांच्या अंतराने आपण परस्परविरोधी विधाने केली आहेत. त्यातले खरे कोणते, ते लेखी कळवावे. भार नेहमीसारखा होता म्हटलं तर त्याचे सव्वीस दिवस जात होते. जास्त होता म्हटलं तर माझ्या अर्जावरची शिफारस बदलावी लागत होती.

त्याने दार लावून घेतलं.

"मुद्दाम केलंस."

"तुम्ही जोरदार लिही म्हणालात, सर. आकडे रजिस्टरमधले आहेत. एकही चुकीचा निघाला तर मी माफी मागेन."

"मला अक्कल शिकवू नकोस. चहाच्या कपाएवढी प्रयोगशाळा, तिच्यात राजकारण!" तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला. "हे बघ. आपण दोघं मिटवू. मी तुझी शिफारस बदलतो. तू पुनर्विचार मागे घे. मग ते तोंडी नकाराचं प्रकरण आपोआप संपेल. तुझे दिवस तुला, माझे मला. कुणाला त्रास नको."

वाजवी बोलणं होतं. आईच्या खुब्यासाठी एवढं पुरे होतं. पण त्याचा शब्द मी मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये तपासून पाहिला होता. तीन चाचण्या, तिन्हीचा निकाल सारखा.

"आधी शिफारस लिहा," मी म्हणाले.

त्याने नवा कागद ओढला. "काय लिहू?"

"भार जास्त होता. रजा तीनदा मागितली, तिन्ही वेळा कामासाठी नाकारली. बारा मे, तीन जुलै, चौदा ऑक्टोबर. सिस्टीममध्ये अर्ज टाकू नये असं मीच सांगितलं होतं."

"हे शेवटचं कशाला?"

"त्याशिवाय पुरावा का नाही, ते कळत नाही."

मग त्याने लिहिलं. मी तो कागद हातात घेऊन तारखा ताडून पाहिल्या.

"आता मागे घेतेस ना?"

"मार्चमध्ये बघू, सर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी 'हो' कधी म्हटलंच नव्हतं. हे त्याच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागला, तेवढा मी दारात थांबले. त्याआधी निघाले असते तर ते बघायचं राहिलं असतं. कागद मी स्वतः कॅलेंडरबाईंना नेऊन दिला.

एकोणतीस डिसेंबरला आदेश निघाला. माझे एकवीस दिवस मंजूर, एकतीस मार्चच्या आत घ्यायच्या अटीवर. पाराचा अर्ज नामंजूर. प्रमुखांनी कारण दिलं होतं: विभागप्रमुखाने आपल्या गैरहजेरीसाठी कुणाची नेमणूक केली नव्हती, आणि रजेचे अर्ज नोंदवू न देणे हा नियमभंग आहे. यापुढे प्रत्येक अर्ज सिस्टीममध्येच घ्यावा, याची प्रत सर्व विभागांना.

त्या दुपारी पातळ भिंतीपलीकडून तो बायकोशी बोलताना ऐकू आला. मुलाकडे परदेशी जायचं ठरलं होतं, नातवाला अजून पाहिलंही नव्हतं. "अगं नाही होणार यंदा," तो म्हणत होता. "किती वेळा सांगू? नाही होणार." मला वाईट वाटायला हवं होतं. मी नीट तपासून पाहिलं. वाटत नव्हतं.

"तू फार पुढे गेलीस," जंतू म्हणाला. "वार्षिक मूल्यमापन तोच लिहितो तुझं."

"लिहू दे. आता तो जे लिहितो ते लोक नीट वाचतात."

दिवस पुढे आले म्हणजे रजा मिळाली असं नसतं. तारखा पुन्हा पारानेच मंजूर करायच्या होत्या. एक जानेवारीला शिल्लक दिसू लागताच मी सोळा फेब्रुवारीपासूनचे एकवीस दिवस सिस्टीममध्ये टाकले. नाकारले असते तर आता ते सगळ्यांना दिसलं असतं. चार मिनिटांत मंजुरी आली.

मग राहिलं फक्त माझं काम कुणी करायचं ते. अकरा वर्षं टेबलापासून लांब राहिलेल्या माणसाला पुन्हा चाचणी करू देण्याआधी त्याची क्षमता तपासावी लागते आणि तपासणाऱ्याला सही करावी लागते. ती सही माझी. सही झाली नाही तर माझी रजाही अडली असती, त्यामुळे त्याला पास होणं भागच होतं. पण कितव्या वेळी, ते माझ्या हातात होतं, आणि त्यासाठी मला खोटंही लिहावं लागणार नव्हतं.

पाण्याचा कठीणपणा मोजायची साधी चाचणी. लाल रंग निळा झाला की थांबायचं. पाराने ब्युरेटची तोटी सोडली आणि रंग निळा होऊन गेला तरी हात थांबला नाही.

"थेंबभर जास्त झालं असेल," तो म्हणाला.

"अडीच मिलिलिटर जास्त झालंय." मी फ्लास्क सिंकमध्ये ओतला आणि नोंदीत लिहिलं: पहिला प्रयत्न, असमाधानकारक. "पुन्हा, सर."

दुसऱ्या वेळी दोन रीडिंग जुळली नाहीत. तिसऱ्या वेळी तो ब्युरेट धुवायला विसरला. कपाळावर घाम होता. जंतू इन्क्युबेटरच्या आड तोंड लपवून उभा होता. प्रत्येक नोंदीखाली मी त्याची सही घेतली, कारण तीही नियमाप्रमाणे लागते. पाचव्या वेळी दोन्ही रीडिंग बरोबर आली आणि मी पास लिहिलं.

रजेआधीच्या शुक्रवारी मी निघताना तो माझ्या टेबलापाशी उभा होता. अंगात माझा एप्रन, त्याला आखूड होणारा. समोर नमुन्यांच्या बाटल्यांच्या चार रांगा.

"काही अडलं तर फोन करू ना गं?"

"कार्यपद्धतीची वही दुसऱ्या खणात आहे," मी म्हणाले. "रजेवर असताना मी फोन घेत नाही."