पट्टीवरचा तांबडा गंज

पट्टी हातात घेताच तिच्या कपाळाला आठी पडली. पट्टीवर तांबडा गंज होता.

ती आम्लकारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आम्ल वाहून नेणाऱ्या मोठ्या पाइपाला एक छोटी आडवाट, म्हणजे बाजूने फिरून परत येणारी नळी, होती. पाइपाच्याच जातीच्या पोलादाच्या वजन केलेल्या पट्ट्या तिथे टांगायच्या, तीन महिन्यांनी काढायच्या आणि वजन किती घटलं ते पाहायचं. पट्टी किती झिजली त्यावरून पाइप वर्षाला किती झिजतो ते कळे. पण आम्लात असलेली पट्टी करडी, काळपट निघते. तांबडा गंज आम्लात टिकत नाही, तो पाण्याहवेचा.

तिने मऊ ब्रश फिरवला. मग पट्टी सफाईच्या द्रावणात बुडवली, धुतली, अॅसिटोनमधून काढली, वाळवली, तोलली. पुन्हा बुडवली, पुन्हा तोलली. घट थांबेपर्यंत हे चाललं. शेजारी एक कोरी पट्टीही तशीच साफ केली. सफाईचं द्रावण खुद्द पोलादालाही थोडं खातं, तेवढं वजा करायला हवं. राहिलेली घट, पट्टीचं क्षेत्रफळ, पोलादाची घनता आणि तीन महिन्यांचे तास घेतले. उत्तर आलं, वर्षाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चालण्यासारखं.

तास मात्र तिला खटकत होते.

आडवाट चालवणारा तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा होता. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं.

"दाजी, ती आडवाट चालू होती ना?"

"कुठली चालू? पहिला महिना होती. मग सांध्यातलं गॅस्केट ठिबकायला लागलं. सुपरवायझर म्हणाला बंद कर, धुऊन ठेव. तेव्हापासून कोरडी आहे."

"आणि मोठा पाइप?"

"तो कधी बंद असतो, मेहुणीबाई? तो बंद तर कारखाना बंद."

म्हणजे पट्टी झिजली एका महिन्यात आणि घट ती भागत होती तीन महिन्यांच्या तासांनी. खरी झीज तिप्पट, आणि झीज कमी व्हावी म्हणून आम्लात घालायचं नवीन औषधही याच काळात आलेलं. पाइप जुना होता. पाइप वळतो त्या बाकाजवळ तर धार आदळते, तिथे आणखीच वाईट.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं म्हणणं कळतंय. पण नव्या पट्टीचा ताजा पृष्ठभाग सुरुवातीला जोरात झिजतो. एका महिन्यावरून वर्षाचा हिशेब काढला तर आकडा फुगतो, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"हो. पण थोडा फुगेल, साहेब. इतका नाही."

"मग नवीन पट्टी टांगा. गॅस्केट बदलून देतो. तीन महिने पूर्ण होऊ देत, मग ठाम बोलू."

"निदान पाइपाची जाडी मोजून घ्या."

"जाडी मोजणारे वार्षिक बंदच्या वेळी येतात. मधे बोलावायचं तर वर विचारावं लागेल. विचारतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी विचारलंही. वरून उत्तर आलं नाही.

नवीन पट्टी टांगली. ती रोज आडवाट चालू असल्याचं पाहून येई. बाकी काय करणार होती? पट्टी लवकर काढली तर आकडा कच्चा, आणि तीन महिने थांबायचं तर पाइप काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

रविवारी बहिणीकडे तिने दाजींना सांगितलं, "त्या बाकाखाली उभं राहू नका."

"व्हॉल्व तिथेच आहे गं. उडत जाऊन फिरवू का?"

बहीण हसली. तीही हसली, आणि मग तिने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला, सकाळची पाळी लागल्यावर, बाक फुटला. दाजी व्हॉल्व फिरवत होते. चष्मा घातलेला होता, पण धार बाजूने आत शिरली. शेजारच्या शॉवरखाली त्यांना दोघांनी धरून उभं केलं. डावा डोळा वाचला नाही.

पाइप बदलताना आडवाटही सोडवली. साहेब पट्टी घेऊन स्वतः आले.

"हिचंही बघा," ते म्हणाले. तिने पट्टी घेतली.

ब्रश, द्रावण, पाणी, अॅसिटोन, तराजू. कोरी पट्टी शेजारी. या वेळी तास पक्के होते. आकडा पहिल्या उत्तराच्या जवळजवळ तिप्पट आला. साहेब तो बघत राहिले. "आता जुनं औषध परत आणतो," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. बहीण खिडकीपाशी बसली होती. तिने वळून विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं, ताई. पक्कं सांगता येत नव्हतं."

बहिणीने तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं. मग दाजी उजवा डोळा उघडून हळूच म्हणाले, "तिला नको विचारू. तिने सांगितलं होतं. मीच कुठे जाणार होतो?"

थेंब घालायची वेळ झाली होती. बहिणीच्या आधी उठून तिने बाटली घेतली.